आर्चबिशपचे कर्ज आणि पापक्षमापत्रांचा बाजार

1514 साली ब्रांडेनबुर्गच्या राजघराण्यातला आल्ब्रेख्ट जर्मनीतल्या माइन्झचा आर्चबिशप म्हणून निवडून आला, तेव्हा त्याने वयाची पंचविशीही गाठलेली नव्हती. माइन्झच्या गादीबरोबर सम्राटाच्या निवडणुकीत एक मत मिळे. घराण्याकडे तसे एक मत आधीच होते, त्यामुळे दुसरे हवेच होते. अडचण एवढीच, की माग्डेबुर्गचे आर्चबिशपपद आधीच आल्ब्रेख्टकडे होते आणि चर्चच्या नियमाला एका माणसाने अनेक धर्मपीठे सांभाळणे मंजूर नव्हते. रोममध्ये नियमाला सवलत मिळे, पण फुकट नाही. नेहमीचे नियुक्तिशुल्क आणि वर सवलतीची रक्कम भरण्यासाठी आल्ब्रेख्टने आउग्सबुर्गच्या फुगर पेढीकडून सुमारे 29,000 गुल्डनचे कर्ज काढले.

ते फेडायचे कसे, याची सोय पोप दहावा लिओ याने 1515 मध्ये केली. रोममधल्या सेंट पीटर्स चर्चच्या बांधकामासाठी पापक्षमापत्रे विकायची, निम्मी रक्कम रोमला आणि निम्मी फुगरच्या कर्जात. भाविकांना बांधकामाचे सांगितले जाई, कर्जाचे नाही. विक्रीची धुरा योहान टेट्झेल या डोमिनिकन संन्याशाकडे होती आणि जमा पैशावर फुगरच्या गुमास्त्याची नजर असे. दर ऐपतीप्रमाणे ठरलेले होते: राजाराण्यांना 25 गुल्डन, व्यापाऱ्याला 3, कारागिराला 1. कफल्लकाने उपास आणि प्रार्थना करावी.

शास्त्राप्रमाणे या पत्राने पाप धुतले जात नसे. पश्चात्ताप आणि पापकबुलीनंतर देव अपराध माफ करतो, तरी शिक्षेचा काही भाग उरतो. तो इथे नाही तर मेल्यावर शुद्धिस्थानात भोगावा लागतो. ख्रिस्त आणि संतांच्या पुण्याचा अखंड साठा चर्चजवळ आहे, त्यातून ही उरलेली शिक्षा माफ करता येते, असा सिद्धांत होता. 1476 मध्ये पोप चौथा सिक्स्टस याने ही सवलत मृतांनाही लागू केली. तिथेच गोम होती. आल्ब्रेख्टच्या सूचनापत्रकानुसार मेलेल्या आईबापांसाठी पत्र घेणाऱ्याला स्वतः पश्चात्ताप किंवा कबुली देण्याची गरज नव्हती. पैसे भरले की झाले. एवढे सोपे झाल्यावर गिऱ्हाइकाला तोटा कसला?

सॅक्सनीचा शासक फ्रेडरिक याने आपल्या मुलुखात या विक्रीला बंदी केली. त्याच्या विटेनबर्गमध्ये पवित्र अवशेषांचा मोठा संग्रह होता आणि त्याच्या दर्शनालाही क्षमेचे फळ जोडलेले होते; तेव्हा या बंदीमागे निव्वळ धर्मनिष्ठा नव्हती. विटेनबर्गचे लोक मग हद्द ओलांडून युटरबोगला जाऊन पत्रे आणू लागले.

तिथला प्राध्यापक आणि धर्मोपदेशक मार्टिन ल्यूथर याचा आक्षेप पैशापुरता नव्हता. पश्चात्ताप ही जन्मभराची गोष्ट आहे, पत्र हाती पडले की माणूस निर्धास्त होतो आणि तेच घातक, असे त्याचे म्हणणे. पुढे तो आणखी खोलात गेला: तारण श्रद्धेनेच मिळत असेल, तर पुण्याच्या साठ्याचा हिशेब ठेवणारे चर्च कशाला? हा प्रश्न निघाला नसता, तर टेट्झेलचे प्रकरण एका घोटाळ्यावरच मिटले असते.

31 ऑक्टोबर 1517 रोजी ल्यूथरने आपले 95 मुद्दे पत्रासोबत आल्ब्रेख्टलाच पाठवले. आल्ब्रेख्टने ते रोमकडे धाडले. पैसे घेऊन क्षमा देण्याची पद्धत पोप पाचवा पायस याने 1567 मध्ये रद्द केली; तोवर निम्मा जर्मनी रोमपासून तुटला होता.