तक्त्यात हरवलेला कर्ता

ऑनलाइन घरगुती वस्तू विकणारी एखादी मध्यम आकाराची कंपनी डोळ्यांसमोर आणावी. सातारच्या एका ग्राहकाने ३,२०० रुपयांचा मिक्सर मागवला. भांडं घट्ट बसेना, म्हणून त्याने तो परत पाठवला. बुधवारी खोका गोदामात पोचला. ग्राहकाचा तिसरा फोन आल्यावर ग्राहक सेवेतल्या मुलीने त्याच संध्याकाळी पैसे परत पाठवले. गुरुवारी गोदामाच्या पर्यवेक्षकाने खोका उघडला, भांड्याच्या तळाची दातेरी चकती झिजलेली पाहिली आणि रोजच्या यादीत लिहिलं, ‘परतावा द्यावा’. यादी हिशेब विभागात गेली आणि तिथूनही पैसे निघाले. ग्राहकाच्या खात्यात ६,४०० रुपये जमा.

त्याच फळीवर तशाच झिजलेल्या चकतीची आणखी दोन भांडी आधीपासून पडून होती. त्याबद्दल खरेदी विभागाला कुणीच कळवलं नव्हतं. ग्राहक सेवेला वाटत होतं गोदामाने कळवलं असेल, आणि गोदामाला वाटत होतं की तक्रारी ग्राहक सेवेकडे येतात तर कळवणारही तेच. एक काम दोनदा झालं, दुसरं झालंच नाही, आणि दोन्हींचं मूळ एकच होतं.

गंमत अशी की अशा कंपनीत जबाबदारीचा तक्ता बहुधा असतोच. व्यवस्थापनाच्या भाषेत त्याला ‘रेसी’ म्हणतात. डावीकडे कामं, वर विभाग आणि चौकटींत चार इंग्रजी अक्षरांपैकी एक. आर म्हणजे काम करणारा. ए म्हणजे ते नीट झालं की नाही याचा जबाब देणारा. सी म्हणजे आधी ज्याचं मत घ्यायचं तो, आणि आय म्हणजे ज्याला कळवायचं तो. एका कामाला ए एकच असावा, हा या तक्त्याचा सर्वांत महत्त्वाचा नियम.

मराठी माणसाची अडचण पहिल्या दोन अक्षरांपाशीच सुरू होते. आर आणि ए या दोन्हींसाठी आपल्या तोंडी एकच शब्द येतो, ‘जबाबदार’. ‘परताव्याला गोदाम जबाबदार आणि ग्राहक सेवाही जबाबदार’ असं कुणी म्हटलं तर कुणालाच खटकत नाही. ‘उत्तरदायी’ हा शब्द आहे, पण तो सरकारी कागदातच राहिला. म्हणून बैठकीत ‘करणारा’ आणि ‘जबाब देणारा’ असे साधे शब्द वापरणंच बरं.

दुसरी अडचण आपल्या कार्यालयीन मराठीची आहे. ‘तपासणी करण्यात यावी’, ‘परतावा देण्यात येईल’, ‘संबंधितांना अवगत करावे’. या वाक्यांत क्रियापद आहे, कर्ता नाही. पर्यवेक्षकाने लिहिलेलं ‘परतावा द्यावा’ हे त्याच जातीचं वाक्य. कुणी द्यावा? हिशेब विभागाने ते आपल्यासाठीच आहे असं धरलं, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं म्हणता येत नाही.

म्हणून तक्ता तसाच ठेवून त्याची प्रत्येक ओळ कर्तरी वाक्यात लिहून काढावी. या कंपनीच्या तक्त्यात ओळ होती ‘परतावा प्रक्रिया’, आणि दोन्ही विभागांपुढे आर. वाक्य लिहायला बसलं की लगेच कळतं, हे एक काम नाही. खोका तपासणं, पैसे पाठवणं आणि सदोष मालाची खबर देणं ही तीन निरनिराळी कामं एका नावाखाली कोंबली आहेत. ती सुटी केली की वाक्यं अशी होतात:

“परत आलेला खोका गोदामाचा पर्यवेक्षक चोवीस तासांत उघडतो आणि ऑर्डरच्या नोंदीत ‘सदोष’ किंवा ‘ठीक’ लिहितो. ‘सदोष’ ही नोंद दिसल्यावरच ग्राहक सेवेतला त्या पाळीचा कर्मचारी पैसे पाठवतो आणि ‘पैसे पाठवले’ अशी नोंद करतो. गोदाम किंवा हिशेब विभाग परताव्याचे पैसे पाठवत नाही. पैसे वेळेत आणि एकदाच गेले का, याचा जबाब ग्राहक सेवेच्या प्रमुख देतात.”

यातलं तिसरं वाक्य नकाराचं आहे. चौकटींच्या तक्त्यात त्याला जागाच नसते, कारण रिकामी चौकट ‘करायचं नाही’ असं सांगत नाही. ती नुसती गप्प बसते. दुहेरी काम मात्र याच वाक्याने थांबतं. शिवाय काम कधी सुरू होतं आणि संपल्याची खूण काय, हेही इथे आलं. फोन कितीही वेळा आला तरी तो पैसे पाठवण्याचा इशारा नाही. इशारा म्हणजे गोदामाची नोंद.

सी आणि आय यांची गल्लत अशीच वाक्यात सुटते. “परतावा पाच हजारांहून जास्त असेल तर ग्राहक सेवा आधी हिशेब विभागाला विचारते, दुसऱ्या दिवशी दुपारी चारपर्यंत आक्षेप आला नाही तर पैसे पाठवते.” विचारायचं म्हणजे उत्तरासाठी थांबायचं, आणि कुठवर थांबायचं हे लिहिलं नाही तर काम तिथेच रुतून बसतं. कळवायचं म्हणजे काम झाल्यावर फक्त सांगायचं. मानापमान नको म्हणून सगळ्यांनाच सी दिलेला तक्ता कामाचा वेग मारतो.

दोन गटांच्या सीमेवरचं काम किती महाग पडू शकतं, याचं नोंदलेलं उदाहरण अमेरिकेच्या नासाचं आहे. मंगळाकडे निघालेलं ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ पोचताच हरवलं. लॉकहीड मार्टिन कंपनीच्या संगणक-प्रणालीतून यानाला मिळालेल्या धक्क्याचे आकडे पौंड-सेकंदांत येत होते. कॅलिफोर्नियातल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीचा मार्गनिर्देशन गट ते न्यूटन-सेकंद समजून वापरत होता. दोन्हींत सुमारे साडेचार पटींचा फरक. आकडे मेट्रिक पद्धतीत द्यायचे हे कागदावर ठरलेलं होतं. पण दिलेले आकडे तसे आहेत का, याची शेवटपर्यंतची पडताळणी झाली नाही. मार्ग जुळत नसल्याची शंका काहींना आली होती. ती समस्या नोंदवण्याच्या ठरलेल्या वाटेने पुढे गेली नाही. काय हवं ते कागदावर होतं, पण ते तपासून कुणी घ्यायचं हे दोन संस्थांच्या मधल्या फटीत राहिलं.

वाक्यं लिहून झाली की ती खरी आहेत का हे पाहावं लागतं. मिक्सरच्या कंपनीत तिसऱ्या कामासाठी असं वाक्य लिहिता येईल: “एकाच मालाचे आठवड्यात तीन सदोष खोके आले की गोदामाचा पर्यवेक्षक त्याची विक्री थांबवतो आणि खरेदी विभागाला कळवतो.” वाचायला छान. पण विक्री थांबवायचं बटण पर्यवेक्षकाच्या संगणकावर नसेल तर? मग हे वाक्य त्याच्यावर अन्याय करतं, कारण जबाब त्याचा आणि अधिकार दुसऱ्याचा. एकतर त्याला ते बटण द्यावं, नाहीतर थांबवण्याचं काम ज्याच्याकडे बटण आहे त्याच्या नावे लिहावं आणि पर्यवेक्षकाकडे फक्त कळवणं ठेवावं. माणसं कमी असतील तर तेही वाक्याने भरून निघत नाही. चोवीस तासांत खोके उघडून होत नसतील तर मुदत बदलावी किंवा माणूस वाढवावा.

तपासणीची एक सोपी रीत आहे. मागच्या महिन्यातली परताव्याची दहा प्रकरणं काढायची. दोन्ही विभागांतल्या दोघा-दोघांना वेगवेगळं बसवून, प्रत्येक टप्प्यावर पुढचं काम कुणाचं, हे नव्या वाक्यांवरून लिहायला सांगायचं आणि मग कागद शेजारी ठेवायचे. जिथे दोन विभागांनी आपलंच नाव लिहिलं तिथे काम दोनदा होणार, जिथे दोघांनी दुसऱ्याचं लिहिलं तिथे ते राहणार. मिक्सरच्या कंपनीने हे केलं तर एक प्रकरण नक्की अडेल: तपासणीत ‘ठीक’ निघालेला खोका. ग्राहक म्हणतो बिघडलाय, गोदाम म्हणतं चालतोय. त्याला पैसे द्यायचे की मिक्सर परत पाठवायचा, आणि हे त्याला फोन करून सांगायचं कुणी, याचं वाक्य अजून कुणी लिहिलेलंच नाही.