आयोडीन जाईल तिथे

या लेखापुरतं त्यांना सुनंदाबाई म्हणू. वय ३७, गाव साताऱ्याजवळ, घरी नवरा, सासूबाई आणि ४ वर्षांची मुलगी. ही व्यक्ती कल्पित आहे, पण अणुवैद्यक विभागाच्या बाकावर त्यांच्यासारख्या अनेक जणी बसलेल्या असतात. थायरॉइडची पूर्ण ग्रंथी काढली आहे. अहवालात पॅपिलरी कॅन्सर निघाला असून मानेतल्या ३ गाठींतही तो सापडला आहे. आता डॉक्टरांनी रेडिओआयोडीन सांगितलं आहे. ऑपरेशनला न घाबरलेल्या सुनंदाबाई या एका कॅप्सूलला घाबरल्या आहेत. आपण किरण फेकत घरी जाणार, मग मुलीला जवळ कसं घ्यायचं, हाच एक प्रश्न त्यांच्या डोक्यात आहे.

उत्तर सोपं आहे, पण त्यासाठी आयोडीन शरीरात कुठे कुठे जातं ते पाहावं लागेल.

रक्तातलं आयोडीन ओढून घेणं हे थायरॉइडच्या पेशीचं कामच. पॅपिलरी आणि फॉलिक्युलर या प्रकारांच्या कॅन्सरपेशींतही ही सवय बहुधा टिकून असते. मेड्युलरी प्रकारात ती नसते, म्हणून तिथे हा उपचार चालत नाही. लहानशी, ग्रंथीतच राहिलेली गाठ असेल तर अनेकदा त्याची गरजही नसते. सुनंदाबाईंच्या गाठींपर्यंत रोग पोचला होता, म्हणून त्यांना १०० मिलिक्युरीचा डोस ठरला.

औषध म्हणजे आयोडीन-१३१. आपल्याकडे ते तुर्भ्याच्या अणुभट्टीत तयार होतं. त्यातून दोन प्रकारचे किरण निघतात. बीटा किरण जास्तीत जास्त दोनेक मिलिमीटर जातात. ज्या पेशीने आयोडीन ओढलं तिला आणि तिच्या शेजारणींना मारून तिथेच संपतात. उपचार करतात ते हेच. गॅमा किरण मात्र शरीर भेदून बाहेर पडतात. त्यांच्यामुळेच स्कॅनचं चित्र उमटतं आणि त्यांच्यामुळेच घरच्यांना लांब बसावं लागतं.

पेशींना आयोडीनची तहान लागावी म्हणून आधी त्यांना उपाशी ठेवतात. थायरॉक्सिनची गोळी साधारण ४ आठवडे बंद राहते, टीएसएच ३० च्या वर चढू देतात. हे दिवस जड जातात: अंग जड, थंडी, बद्धकोष्ठ, सुजरा चेहरा. गोळी न थांबवता टीएसएच वाढवणारं इंजेक्शनही आहे, पण महाग. शेवटचे एक-दोन आठवडे आयोडीनयुक्त मीठ, समुद्री मासे, दूधदुभतं, अंड्याचा पिवळा बलक बंद किंवा अगदी कमी. सैंधव चालेल म्हणून कुणी निर्धास्त होतं, पण काही सैंधवांतही आयोडीन घातलेलं असतं, पाकीट वाचावं. आणि महिन्या-दोन महिन्यांत आयोडीनचं औषध टोचून सीटी स्कॅन झाला असेल तर ते आधीच सांगावं. पेशी साध्या आयोडीननेच तृप्त झालेल्या असतील तर महागडी कॅप्सूल लघवीवाटे वाहून जाते.

कॅप्सूल घेतल्यावर सुनंदाबाई स्वतंत्र खोलीत ३ दिवस राहिल्या. ग्रंथीच नसल्यामुळे आयोडीनला थांबायला फारशी जागा नव्हती. अशा रुग्णांत त्याचा बराचसा भाग पहिल्या दोन दिवसांतच लघवीवाटे जातो, म्हणून भरपूर पाणी पिणं हा तिथला मुख्य नेम. एरवी आयोडीन-१३१ निम्मं व्हायला ८ दिवस लागतात. शरीर मात्र त्यापेक्षा खूप लवकर रिकामं होतं.

घरी सोडण्याआधी संपूर्ण शरीराचा स्कॅन झाला. काही ठिकाणी तो आठवड्याने करतात. यात कॅमेरा किरण सोडत नाही, रुग्णाच्या अंगातून येणारे टिपतो. चित्र पाहून सुनंदाबाईंच्या नवऱ्याचा चेहरा पडला. तोंडाजवळ काळं, पोटात काळं, ओटीपोटात काळं. सगळीकडे पसरला की काय?

नाही. काळं म्हणजे आयोडीन, कॅन्सर नव्हे. लाळग्रंथी, नाक आणि जठर आयोडीन घेतातच. आतड्यांतून आणि मूत्राशयातून ते बाहेर पडतं. यकृतही हलकं उजळतं. गाऊनवर सांडलेला लघवीचा थेंब किंवा खिशातला रुमालही डाग दाखवतो, आणि मग कपडे बदलून पुन्हा फोटो काढावा लागतो. मानेच्या मध्यावर, ग्रंथीच्या जागी, सुनंदाबाईंना एक गडद ठिपका होता, आणि त्यातून चांदणीसारखे सहा फाटे निघालेले. तो आकार रोगाचा नव्हे. एका जागी आयोडीन फार साठलं की किरण कॅमेऱ्यापुढच्या षटकोनी छिद्रांच्या भिंती भेदून जातात, त्याची ती चांदणी. शल्यविशारदाने कितीही नीट कापलं तरी ग्रंथीचा थोडा अंश उरतोच. तो इथे दिसला.

अर्थ असतो तो अनपेक्षित जागच्या डागाला: मानेच्या बाजूची गाठ, फुप्फुसं, हाड. फुप्फुसांतले बारीक कण साध्या एक्स-रेत दिसत नाहीत, पण इथे दोन्ही फुप्फुसं काळी येऊ शकतात. शंका असेल तर त्याच वेळी सीटी जोडून जागा नक्की करतात. सुनंदाबाईंना उजव्या बाजूला एक छोटी गाठ दिसली, फुप्फुसं कोरी. स्कॅनचीही मर्यादा आहे. काही पेशी आयोडीन घेणं विसरतात. तिथे चित्र स्वच्छ आणि रक्तातलं थायरोग्लोब्युलिन मात्र वाढलेलं असतं. म्हणून नुसत्या चित्रावर निकाल देऊ नये.

आता मुलीचा प्रश्न. घरच्यांना दोन वाटांनी किरण पोचतो. एक, अंगातून थेट. त्यावर उपाय अंतर आणि वेळ. १ फुटावर जेवढा किरण, ३ फुटांवर त्याचा साधारण नववा हिस्सा. म्हणून एका खोलीत, दोन-तीन हात लांब बसून गप्पा मारायला हरकत नाही. लेकराला कुशीत घेऊन रात्रभर झोपणं मात्र नको. साताऱ्याला जाताना गर्दीची एसटी टाळून गाडीच्या मागच्या सीटवर, चालकाच्या तिरक्या बाजूला बसणं बरं.

दुसरी वाट म्हणजे आयोडीनच. ते लाळेत, घामात आणि सर्वांत जास्त लघवीत असतं. म्हणून उष्टं द्यायचं नाही, मुके नाहीत, ताट-पेला-टॉवेल वेगळे. भांडी-कपडे नेहमीच्याच साबणाने, पण वेगळे धुवायचे. लघवी बसून करायची आणि दोनदा पाणी सोडायचं. हात धुवावेत. एवढं पुरतं. भांडी फेकून देणारी, खोलीला कुलूप लावणारी घरं उगाच रुग्णाला वाळीत टाकतात.

किती दिवस, ते डोसवर आणि अंगातून निघणाऱ्या किरणांच्या मोजणीवर ठरतं. मोठ्यांसाठी सहसा काही दिवस, लहान मुलं आणि गरोदर बायांसाठी आणखी लांब, दोन-तीन आठवड्यांपर्यंतही. सुनंदाबाईंच्या कार्डावर मुलीसाठी तारीख लिहून दिली होती. ती सासूबाईंनी कॅलेंडरवर लाल पेनाने मांडली. अंगावर पिणारं बाळ असेल तर पाजणं उपचाराच्या किमान दीड-दोन महिने आधीच थांबवतात आणि त्या बाळाला पुन्हा पाजत नाहीत. गरोदरपण किमान ६ महिने टाळायचं. पुरुषांनाही काही महिने थांबायला सांगतात.

आणि एक बारीक गोष्ट. विमानतळावरची किरण ओळखणारी यंत्रं काही आठवड्यांनी, कधी दोन-तीन महिन्यांनीही अशा रुग्णाला थांबवतात. परदेशी जाणार असाल तर रुग्णालयाचं पत्र पासपोर्टबरोबरच ठेवा.