रेषा ओलांडली म्हणजे ब्रेकआउट झाला?

चार्टवर वरची रेषा आडवी आणि खालची चढती दिसली, की भाव आता वरच फुटणार असं बरेच जण धरून चालतात. प्रत्यक्षात चढता त्रिकोण एवढंच दाखवतो, की विकणारे एका ठरावीक भावाला माल काढताहेत आणि घेणारे दर खेपेला थोडे चढे मोजताहेत. आधी कोण दमणार, हे त्यात लिहिलेलं नसतं. असे त्रिकोण खालीही फुटतात.

बिटकॉइनचा २०१८-१९ चा हिवाळा पाहा. डिसेंबरच्या मध्याला भाव सुमारे ३,१५० डॉलरवर टेकला, त्याच महिन्यात ४,२०० च्या आसपास अडला. फेब्रुवारीच्या सुरुवातीचा तळ ३,३५० च्या वर राहिला. म्हणजे त्रिकोण तयार. जानेवारीतलं शिखर ४,१०० च्या जवळ होतं, म्हणून अनेकांनी वरची रेषा तिथे ओढली असणार.

२४ फेब्रुवारीच्या रविवारी भावाने ती रेषा ओलांडली आणि ४,२०० च्या उंबऱ्यापर्यंत मजल मारली. मग काही तासांत तो ३,८०० च्या खाली आला. हीच ती नेहमीची हुलकावणी. रेषेच्या वर शॉर्टवाल्यांचे स्टॉप-लॉस आणि उतावळ्यांच्या खरेदीच्या ऑर्डरी साठलेल्या असतात. त्या संपल्या आणि मागे नवा घेणारा नसला, की भाव कोसळतो. म्हणून कॅंडलची वात नव्हे, तिचा बंद भाव पाहायचा. बहुतेक चार्टवर बिटकॉइनची रोजची कॅंडल आपल्या वेळेनुसार पहाटे साडेपाचला बंद होते. त्या रविवारची कॅंडल रेषेच्या बरीच खाली बंद झाली.

खरा ब्रेकआउट २ एप्रिलला झाला. व्हॉल्यूम फुगला, भाव ४,८०० च्या वर बंद झाला. रॉयटर्सच्या बातमीनुसार त्यामागे तीन एक्स्चेंजांवर विभागलेली सुमारे १० कोटी डॉलरची एक ऑर्डर होती. रेषेने भाव उचलला नाही, पैशाने उचलला.

लक्ष्याबद्दलही गैरसमज आहे. त्रिकोणाची उंची, ४,२०० वजा ३,१५०, म्हणजे १,०५०. ती रेषेवर चढवली की ५,२५०. हा आकडा आठवडाभरात गाठला गेला. पण तीच उंची टक्क्यांत मोजली, तर ३३ टक्के वर, म्हणजे ५,६०० येतात. तेव्हा ‘मोजलेलं लक्ष्य’ हा अंदाज आहे, वायदा नाही. कमाल मर्यादाही नाही: जूनअखेर भाव १३,००० च्या पुढे गेला होता. आणि ‘फुटल्यावर भाव रेषेला परत टेकतो, तेव्हा घेऊ’ म्हणत थांबलेल्यांना त्या एप्रिलमध्ये ४,२०० पुन्हा दिसलेच नाहीत.

भारतातून ट्रेड करणाऱ्याने आणखी एक हिशेब मांडावा. २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि एका व्यवहारातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करता येत नाही. हुलकावणीत गेलेले पैसे खऱ्या ब्रेकआउटच्या करातून वळते होत नाहीत.