एकाच कार्डावरचे वीस हजार: खरेदीचे आणि रोखीचे

क्रेडिट कार्डाने दुकानात 20,000 रुपयांचा फ्रिज घेतला आणि त्याच दिवशी त्याच कार्डाने एटीएममधून 20,000 रुपये काढले, तर दोन्ही वेळा बँकेकडून सारखेच पैसे उसने घेतले असे वाटते. बँकेच्या हिशेबात मात्र हे दोन वेगळे व्यवहार असतात. पहिल्याला बिनव्याजी मुदत मिळते, दुसऱ्याला ती नसते. या एका फरकामुळे स्टेटमेंटवर काय काय दिसू लागते, ते एका उदाहरणातून पाहू.

समजा, तुमचे स्टेटमेंट दर महिन्याच्या 20 तारखेला निघते आणि बिल भरायची शेवटची तारीख पुढच्या महिन्याची 10 आहे. मागची काही बाकी नाही. 5 जूनला तुम्ही फ्रिज घेतला आणि घराच्या डागडुजीसाठी गवंड्याला द्यायला तेवढीच रोख रक्कम काढली. कार्डाचा व्याजदर महिन्याला 3.5 टक्के, म्हणजे वर्षाला 42 टक्के धरू. आपल्याकडच्या बऱ्याच कार्डांचा दर याच्या आसपास असतो.

आधी फ्रिज. ही खरेदी 20 जूनच्या स्टेटमेंटवर येईल आणि पैसे 10 जुलैपर्यंत भरायचे. म्हणजे 35 दिवस बँकेचे पैसे फुकट वापरायला मिळाले. हीच खरेदी 21 मे रोजी, बिलाचे चक्र सुरू होताच केली असती, तर 50 दिवस मिळाले असते. बँकेला हे परवडते, कारण कार्डाने झालेल्या विक्रीवर दुकानदार काही टक्के शुल्क देतो आणि त्यातला मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेला मिळतो.

रोख काढताना असा दुकानदार मध्ये नसतो. बँक स्वतःचे पैसे थेट तुमच्या हातात देते, त्यामुळे सगळी वसुली तुमच्याकडूनच होते, आणि ती दोन वाटांनी होते.

पहिली वाट शुल्काची. अनेक बँका काढलेल्या रकमेच्या 2.5 टक्के, पण किमान 500 रुपये घेतात. 20,000 वर हे बरोबर 500 होतात. त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 90 रुपये. एटीएममधून नोटा बाहेर आल्या त्याच क्षणी हे 590 रुपये खर्ची पडले, तुम्ही पैसे किती लवकर परत करता याचा त्यांच्याशी संबंध नाही. किमान शुल्काची अट छोट्या रकमेला फार महाग पडते. 2,000 रुपये काढले तरी 590 रुपयेच जातात, म्हणजे काढलेल्या रकमेच्या जवळपास तीस टक्के.

दुसरी वाट व्याजाची. खरेदीवर व्याज लागले तर ते बिल थकल्यावर लागते. रोखीवर ते पैसे काढल्या दिवसापासून सुरू होते आणि रक्कम पूर्ण फिटेपर्यंत रोज चढत राहते. 20,000 चे 42 टक्के 8,400. त्याला 365 ने भागले की रोजचे 23 रुपये निघतात. 5 जून ते 20 जून या 15 दिवसांचे व्याज सुमारे 345 रुपये. क्रेडिट कार्डाच्या व्याजावरही 18 टक्के जीएसटी असतो, तो 62 रुपये.

आता 20 जूनचे स्टेटमेंट उघडू. फ्रिजची एकच ओळ दिसेल: दुकानाचे नाव आणि 20,000. रोखीच्या मात्र अनेक ओळी असतील. 5 जूनच्या तारखेला `CASH ADVANCE` किंवा एटीएमच्या ठिकाणाचे नाव आणि 20,000. त्याच्या आसपास `CASH ADVANCE FEE` 500. मग `FINANCE CHARGES` 345. शिवाय शुल्कावरचा आणि व्याजावरचा कर `IGST` किंवा `CGST` आणि `SGST` या नावांनी. शब्द बँकेगणिक थोडे बदलतात, पण मुद्दल, शुल्क, व्याज आणि कर या चार गोष्टी शोधल्या की हिशेब हाती लागतो. एकूण देय रक्कम होईल सुमारे 40,997.

ही रक्कम तुम्ही 10 जुलैला पूर्ण भरली. फ्रिजचा विषय तिथेच संपला, त्यावर एक रुपयाही व्याज नाही. रोखीचा विषय अजून संपलेला नाही. 20 जूनला स्टेटमेंट छापले तेव्हा फक्त त्या दिवसापर्यंतचे व्याज मोजले होते. पुढचे 20 दिवस मुद्दल बाकीच होते. त्या दिवसांचे 460 रुपये व्याज आणि त्यावरचा 83 रुपये कर 20 जुलैच्या स्टेटमेंटवर येईल. बिल वेळेत आणि पूर्ण भरूनही व्याज का लागले, असा प्रश्न ग्राहकाला पडतो तो इथे. बँकेने चूक केलेली नसते. बिलावरची शेवटची तारीख खरेदीचे व्याज टाळते, रोखीचे नाही. एकंदर 35 दिवसांसाठी त्या 20,000 ची किंमत सुमारे 1,540 रुपये झाली.

म्हणून नाइलाजाने रोख काढलीच, तर बिलाची वाट पाहू नये. हाती पैसे येताच ॲपमधून कार्डावर भरावेत. वरच्या उदाहरणात फक्त रोखीचाच व्यवहार असता आणि तीन दिवसांत पैसे परत केले असते, तर व्याज करासह 81 रुपयांवर थांबले असते. कार्डावर फ्रिजही असेल तर मात्र एक अडचण येते. तुम्ही भरलेले पैसे आधी कशात वळते करायचे याचा क्रम बँकेच्या अटींत ठरलेला असतो. काही बँका कर, शुल्क आणि व्याजानंतर रोखीची बाकी फेडतात. काही आधी खरेदी फेडतात आणि रोख शेवटी ठेवतात. दुसऱ्या प्रकारात 20,000 भरूनही ते फ्रिजच्या खात्यात जमा होतील आणि रोखीचे व्याज चालूच राहील. कार्डाच्या महत्त्वाच्या अटींच्या पत्रकात हा क्रम लिहिलेला असतो, तो वाचूनच किती भरायचे ते ठरवावे.

सर्वांत महाग चूक म्हणजे किमान देय रक्कमच भरणे. मागच्या बिलातली काहीही बाकी राहिली की खरेदीचीही बिनव्याजी मुदत जाते. फ्रिजच्या न फिटलेल्या रकमेवर 5 जूनपासूनचे व्याज लागते आणि पुढची नवी खरेदीही पहिल्या दिवसापासून व्याजाखाली येते. म्हणजे तुमची खरेदी रोखीसारखीच वागू लागते.

आपला हिशेब मिटला की नाही, हे ओळखायला 20 जुलैचे स्टेटमेंट पाहावे. त्यावरचे व्याज स्वतः मोजावे: रोज 23 रुपये गुणिले 20 दिवस. उत्तर जुळले तर ती रक्कम भरून टाकावी. त्यानंतर 20 ऑगस्टच्या स्टेटमेंटवर या रोखीचे काहीही यायला नको. आलेच, तर बँकेकडे कोणत्या रकमेवर, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणत्या दराने व्याज लावले याचा तपशील लेखी मागावा.