घुबड दिसलं की कावळे का तुटून पडतात?

महाभारताच्या सौप्तिकपर्वात एक प्रसंग आहे. युद्ध हरलेला अश्वत्थामा रात्री एका वडाखाली जागा असतो. वडावर असंख्य कावळे झोपलेले असतात. तेवढ्यात एक मोठं घुबड येतं आणि झोपेतल्या कावळ्यांना एकेक करून मारून टाकतं. पांडवांच्या छावणीवर रात्री हल्ला करण्याची कल्पना अश्वत्थाम्याला इथेच सुचते.

ज्याने हा प्रसंग रचला, त्याला पक्ष्यांची चांगली माहिती असावी. मोठ्या जातींची घुबडं खरोखरच रात्री झोपलेल्या कावळ्यांवर झडप घालतात, घरट्यातली पिल्लं उचलतात. अमेरिकेतलं ग्रेट हॉर्न्ड आउल त्यासाठी कुप्रसिद्ध आहे. अंधारात कावळ्याला जवळजवळ काहीच दिसत नाही. घुबडाला मात्र दिसतं आणि त्याहून चांगलं ऐकू येतं. शिवाय मऊ पिसांमुळे त्याच्या उडण्याचा आवाजही होत नाही. त्यामुळे कावळ्याला आपलं वैर दिवसाच निभावावं लागतं.

दिवसा घुबड झाडाच्या दाट पानांत किंवा ढोलीच्या तोंडाशी निश्चल बसून असतं. एखाद्या कावळ्याला ते दिसतं आणि तो कर्कश ओरडू लागतो. हा आवाज कुठून येतोय हे लांबूनही सहज कळतं. ससाणा वेगाने येताना दिसला की चिमण्यांसारखे लहान पक्षी याच्या उलट बारीक, लांबट शीळ घालतात. ती कुठून आली हे पटकन उमगत नाही. तिथे ओरडणाऱ्याला स्वतः लपायचं असतं, इथे इतरांना बोलवायचं असतं. काही मिनिटांत आसपासचे कावळे जमतात.

मग सूर मारणं सुरू होतं. कावळे शक्यतो मागून आणि वरून येतात, कारण शिकारी पक्ष्याचं खरं हत्यार म्हणजे त्याचे पंजे, आणि ते पाठीकडे वळत नाहीत. घारीचा पाठलाग होताना हे नीट बघता येतं. कावळा शेपटीच्या मागे चिकटलेला असतो आणि घार कधीकधी हवेतच उलटी होऊन पंजे दाखवते. त्या क्षणी कावळा झटकन बाजूला होतो. धोका थोडा, पण खराच असतो. हल्ला करणारा पक्षी क्वचित स्वतःच शिकार होतो.

मग एवढा धोका पत्करून मिळतं काय? घुबड असो, शिक्रा असो, त्यांची शिकार बेसावधपणावर चालते. एकदा सगळ्या परिसराला आपला ठावठिकाणा कळला, की तिथे बसून राहण्यात अर्थ नसतो. कावळ्यांना शत्रूला मारायचं नसतं, त्याने जागा सोडली तरी पुरतं. म्हणूनच घार उंच चढली की ते पाठलाग सोडून देतात. आपल्याकडे साधारण एप्रिल ते जून गावकावळ्यांच्या घरट्यांत अंडी-पिल्लं असतात, तेव्हा हा आक्रमकपणा वाढतो.

दुसरा फायदा दूरचा आहे: गोंगाटातून पोरं शिकतात. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठातले जॉन मार्झलफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६मध्ये गुहामानवाचा मुखवटा घालून सिअ‍ॅटलच्या आवारात काही कावळे पकडले, पायांत कडी घालून सोडून दिले. नंतर तोच मुखवटा घालून कुणी नुसतं फिरलं तरी कावळे अंगावर ओरडत. पुढे एका फेरीत भेटलेल्या ५३ कावळ्यांपैकी ४७ जणांनी मुखवटेवाल्याला फैलावर घेतलं. पकडले गेलेले कावळे मोजकेच होते. बाकीच्यांतले बरेच तर त्या घटनेचे साक्षीदारही नव्हते. आईबाप आणि शेजारी कुणावर ओरडतात हे बघून ते शिकले होते. घुबडाची ओळखही अशीच पुढच्या पिढीकडे जाते.

या शिकवणीला एक मर्यादा आहे. गव्हाणी घुबड हे पांढऱ्या, बदामी चेहऱ्याचं घुबड प्रामुख्याने उंदीर-घुशींवर जगतं. प्रौढ कावळ्याला त्याच्यापासून फारसं भय नाही. पण कावळे इतका भेद करत बसत नाहीत. घुबडाचा आकार दिसला की हल्ला. शहरात जुनी इमारत पाडली किंवा वठलेलं झाड तोडलं, की हे घुबड भर दिवसा उघड्यावर येतं. लपायला जागा नसल्याने ते उडत राहतं, थकतं आणि शेवटी एखाद्या गॅलरीत किंवा जमिनीवर येऊन पडतं.

असं घुबड दिसलं तर ते अपशकुनी म्हणून हाकलू नका. आधी कावळ्यांना दूर करा. जाड कापड टाकून, पंजे सांभाळत त्याला उचला आणि भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, काही भरवू नका. लगेच वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. जखम नसेल, तर बहुतेकदा अंधार पडल्यावर त्याला सोडून देता येतं, पण तो निर्णय जाणकारांना घेऊ द्या.