चेन लांबते कुठे?

कन्व्हेयरची चेन सैल पडली की ‘चेन ताणली’ असं वर्कशॉपमध्ये म्हटलं जातं. प्रत्यक्षात तिच्या पोलादी पट्ट्या नेहमीच्या भाराने कायमच्या ताणल्या जात नाहीत. झीज होते ती पिन आणि तिच्यावर फिरणाऱ्या बुशच्या मध्ये. हान्स रेनॉल्डने १८८० मध्ये मँचेस्टरला बुश-रोलर चेनचं पेटंट घेतलं, तेव्हा पिनवरचा भार बुशच्या संपूर्ण लांबीवर पसरवण्याची सोय झाली. आजही रोलर चेनचं आयुष्य याच सांध्यावर ठरतं. म्हणून स्प्रॉकेटला दाते किती, चेनला कड्या किती आणि ऑइल कुठे, हे तिन्ही निर्णय सांध्याकडे पाहून घ्यावे लागतात.

एक साधं उदाहरण घेऊ. गिअरबॉक्सचा शाफ्ट मिनिटाला ९० फेरे फिरतो आणि कन्व्हेयरला ३० हवे आहेत, म्हणजे प्रमाण एकास तीन. चेनचा पिच, म्हणजे लगतच्या दोन पिनांमधलं अंतर, पाऊण इंच किंवा १९.०५ मिमी आहे. जागा आणि पैसा वाचवायचा तर ११ आणि ३३ दात्यांची जोडी मोहात पाडते. जाणकार मात्र १७ आणि ५१ घेतो.

चेन स्प्रॉकेटवर गोलाकार बसत नाही, तिचा बहुकोन होतो. ११ दात्यांच्या स्प्रॉकेटवर प्रत्येक सांधा सुमारे ३३ अंशांत वळतो, १७ दात्यांवर २१ अंशांत. वळण जितकं मोठं, तितकं पिन-बुशचं घासणंही जास्त. शिवाय बहुकोनामुळे चेनचा वेग प्रत्येक दात्यागणिक कमी-जास्त होतो. हा फरक ११ दात्यांना ४ टक्क्यांच्या आसपास, तर १७ दात्यांना १.७ टक्के असतो. जलद चालणाऱ्या यंत्रात तो खडखडाट आणि धक्क्यांच्या रूपाने जाणवतो. आपल्या संथ कन्व्हेयरमध्ये तो खपूनही जाईल, पण ताण खपणार नाही. तेवढंच पिळदार बल लहान व्यासावरून द्यायचं म्हणजे चेनवरची ओढ दीडपटीहून अधिक वाढते.

आता लांबी. दोन शाफ्टांमधलं अंतर साधारण ७६२ मिमी, म्हणजे बरोबर ४० पिच धरू. वरची आणि खालची धाव मिळून ८० पिच झाले. दोन्ही स्प्रॉकेटांना अर्धा-अर्धा विळखा पडतो, म्हणून १७ आणि ५१ च्या बेरजेचे निम्मे ३४ मिळवायचे. चाकं लहान-मोठी असल्याने धाव तिरकी जाते, त्याचीही थोडी भर हवी: दात्यांमधला फरक ३४, त्याला ६.२८ ने भागायचं, उत्तराचा वर्ग करायचा आणि त्याला ४० ने भागायचं. येतात ०.७३. एकूण ११४.७३ पिच.

जवळचा पूर्णांक ११५, पण तो विषम आहे. चेनमध्ये आतल्या आणि बाहेरच्या कड्या आलटून-पालटून येतात, त्यामुळे विषम संख्येला वाकड्या पट्ट्यांची हाफ लिंक लावावी लागते आणि ती संपूर्ण चेनमधला कमकुवत दुवा ठरते. म्हणून ११६ कड्या घ्यायच्या आणि शाफ्ट सुमारे १२ मिमी लांब सरकवून अंतर ७७४ मिमी करायचं. मोटरच्या पायाला सरकवण्यासाठी खाचा ठेवतात त्या याचसाठी. चेन तारेसारखी घट्ट ओढायची नाही. सैल बाजूला मध्यभागी दोन टक्के, म्हणजे १५ मिमी झोल असू द्यायचा. १७ हा विषम आकडा इथे आणखी एक काम करतो. ११६ ला तो भाग देत नाही, म्हणून एकच दाता सतत त्याच-त्याच कड्यांवर येत नाही आणि झीज वाटली जाते.

उरलं ऑइल. चेनवर वरून थापलेलं घट्ट ग्रीस बाहेर चकाकतं, पण पिन आणि बुशच्या फटीत शिरत नाही, उलट धूळ धरून ठेवतं. साधारण हवामानात एसएई ३० ऑइल चालतं, चाळिशी ओलांडणाऱ्या उन्हाळ्यात एसएई ४०. ते द्यायचं सैल बाजूला, आतून, पट्ट्यांच्या कडांवर. तिथे सांध्यांवर भार नसल्याने ऑइल आत झिरपतं. संथ चेनला यंत्र बंद करून दर पाळीला ब्रशने ऑइल देणं पुरतं. वेग वाढला की थेंबाथेंबाने ऑइल देणारी व्यवस्था लागते, आणखी वाढला की ऑइलची टाकी. सांध्यांभोवती तांबूस पूड दिसली तर आत ऑइल पोचत नाही असं समजावं.

झीज मोजायला चेन ताठ धरून २० पिच मोजायचे. नव्या चेनमध्ये ते ३८१ मिमी भरतात. ३९२ च्या वर गेले, म्हणजे साधारण तीन टक्के वाढले, की चेन बदलायची. त्याआधी स्प्रॉकेटही पाहायचे: दाते आकड्यासारखे वाकलेले असतील तर तेही सोबत बदलायचे, कारण जुन्या दात्यांवर नवी चेन लवकर झिजते.