टोमॅटो लाल दिसायला हवा

दुकानात एलईडी बल्ब मागितला की दुकानदार विचारतो, "व्हाइट की वॉर्म?" आपण सवयीने व्हाइट म्हणतो आणि ६५०० केल्विनचा बल्ब घरी येतो. ट्यूबलाइटमुळे हा निळसर पांढरा उजेड आपल्या अंगवळणी पडला आहे. पण त्यातच ताटातली आमटी फिकी दिसते आणि आरशातला चेहरा आजारी. हे टाळायचे तर खोक्यावरचे दोन आकडे बघायला हवेत, आणि दुकानदार त्यांतल्या एकाविषयीच विचारतो.

तो आकडा केल्विनचा. उजेड पिवळट आहे की निळसर, हे तो सांगतो. २७०० म्हणजे जुन्या तारेच्या बल्बसारखा पिवळा, ४००० म्हणजे ना पिवळा ना निळा, ६५०० म्हणजे आभाळ भरलेल्या दुपारसारखा. दुसरा आकडा सीआरआयचा. त्या उजेडात रंग किती खरे दिसतात, याचे हे १०० पैकी गुण. तारेच्या बल्बला जवळजवळ १०० मिळतात, बाजारातल्या साध्या एलईडीला ८० च्या आसपास.

हे वीस गुण जातात कुठे? बहुतेक लाल रंगात. पांढऱ्या एलईडीच्या आत खरे तर निळा दिवा असतो. त्यावरचा पिवळसर फॉस्फरचा थर थोडा निळा उजेड गिळतो आणि पिवळा बाहेर सोडतो. दोन्ही मिसळून डोळ्याला पांढरे दिसते, पण गडद लाल त्यात जेमतेमच असतो. जो रंग उजेडातच नाही, तो वस्तूवरून परत येणार कसा? म्हणून टोमॅटो तपकिरी वाटतो, मटण शिळे वाटते आणि त्वचेखालच्या रक्ताची लाली हरवून चेहरा राखाडी होतो. गंमत अशी की सीआरआय ही आठ फिक्या रंगांची सरासरी आहे आणि गडद लाल त्यात धरलेलाच नाही. त्याचा आकडा 'आर-९' या नावाने वेगळा असतो. तो छापलेला असेल तर ५० च्या वर हवा. नसेल तर निदान ९० सीआरआयचा बल्ब मागावा. नुसता वॉर्म बल्ब आणून हे काम होत नाही. तो सगळ्यालाच पिवळी झाक देतो, हरवलेला लाल परत आणत नाही.

स्वयंपाकघरात ९० सीआरआय आणि ४००० केल्विन हे जमणारे गणित आहे. २७०० मध्ये कांदा सोनेरी झाला की अजून कच्चाच आहे, हे पटकन कळत नाही, कारण उजेडच सोनेरी असतो. दिवा कुठे आहे, यालाही तितकेच महत्त्व. छताचा दिवा पाठीमागे असेल तर विळीवर आपलीच सावली पडते. आठ फूट लांब, दोन फूट रुंद ओटा म्हणजे साधारण दीड चौरस मीटर. चिरण्या-निवडण्यासाठी ४०० लक्स धरले, तर ओट्यावर ६०० ल्युमेन पोचायला हवेत. काही उजेड भिंतीवर आणि इकडेतिकडे जातो, म्हणून वरच्या कपाटाखाली ९०० ते १००० ल्युमेनची पट्टी लावावी. ती कपाटाच्या पुढच्या कडेला असावी.

अभ्यासाच्या टेबलावरही ४००० च ठीक, पण पानावर ५०० लक्सच्या आसपास उजेड हवा. उजव्या हाताने लिहिणाऱ्याचा दिवा डावीकडे ठेवावा. मूल चित्रे रंगवत असेल तर इथेही ९० सीआरआय घ्यावा, नाहीतर रात्री निवडलेला रंग सकाळी वेगळाच दिसतो.

झोपायच्या खोलीत मात्र २७०० आणि मंद. उजेडातला निळा भाग झोप आणणाऱ्या मेलाटोनिनला दाबतो, हे एक कारण. शिवाय उजेड कमी असताना निळसर दिवा उदास आणि मळकट वाटतो. आरशाजवळ दिवे वर एकच न लावता दोन्ही बाजूंना चेहऱ्याच्या उंचीवर लावावेत, म्हणजे डोळ्यांखाली सावली पडत नाही. तिथे ३००० केल्विन आणि ९० सीआरआय असेल तर त्वचा तिच्या मूळ रंगाच्या जवळ दिसते.

एकाच खोलीत पिवळा आणि निळसर दिवा एकत्र पेटवू नये. एका रंगाच्या उजेडाला डोळा थोड्या वेळात सरावतो. दोन्ही समोर आले की त्याला ते साधत नाही आणि चेहऱ्याची एक बाजू पिवळी, दुसरी निळी दिसते. हॉल आणि स्वयंपाकघर सलग असेल तर दोन्हीकडे ३५०० किंवा ४००० असा एकच आकडा ठेवणे बरे.

सगळ्या घरासाठी खरेदी करण्याआधी एकच बल्ब आणावा. सकाळी खिडकीशी एक टोमॅटो, चिमूटभर हळद आणि आपला तळहात नीट पाहून घ्यावा, आणि रात्री तेच त्या बल्बखाली धरावे. हळद थोडी गडद वाटली तर चालेल. टोमॅटो विटकरी आणि तळहात निस्तेज दिसला, तर खोक्यावर काहीही छापलेले असो, बल्ब परत करावा.